स्नेहाचे दोन फोटो

माझं दुकान फ्रेमचं. पंचवटीत, भाजीबाजाराकडून नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत. शेजारी मोहिनीवहिनींचा फोटो स्टुडिओ. दोन्ही दुकानांच्या मधल्या भिंतीत एक खिडकी आहे. ती संतोषने, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने, मला विचारूनच फोडली होती. फोटो तिकडून यायचा, मी काच-लाकूड लावून परत द्यायचो. संतोष गेला, खिडकी राहिली. आता तिच्यातून फोटो येतात, चहा येतो, आणि माझी बडबड तिकडे जाते. ती नको असली की वहिनी सरळ खिडकी लावून घेतात. मला राग येतो, पण भिंत त्यांची.

या गल्लीत मयताच्या फोटोंची कमतरता नाही. रामकुंड जवळ, दशक्रियेला माणसं लांबून येतात, आणि येताना निम्म्यांना वाटेत आठवतं की फोटो राहिला. मग ती धावत इथे येतात. त्यामुळे वहिनींचं अर्धं आयुष्य गेलेल्या माणसांच्या तोंडाकडे बघण्यात गेलंय, आणि माझं त्यांच्यावर काच बसवण्यात. कोणी म्हणेल, वाईट धंदा. वाईट काय त्यात? रडणाऱ्याला रुमाल लागतो, तसा फोटोही लागतो.

वहिनी देवळ्याच्या. माहेरी कांद्याची चाळ, घरात फोटो म्हणून फक्त कॅलेंडरवरचे देव. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा संतोष डार्करूममध्ये असायचा आणि ह्या बाहेर बसून गिऱ्हाइकाला सांगायच्या, "येतील हं आत्ता." तेवढंच काम. मग एकदा संतोषने त्यांच्या हातात निगेटिव्ह आणि टोकदार पेन्सिल दिली. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून तोंडावरचे डाग घालवायचे. संतोषचा हात जड होता. वहिनींचा हात रांगोळीचा. दोन-तीन महिन्यांत संतोष बाहेर बसायला लागला आणि वहिनी आत.

त्या काळात एक काम यायचं, ते आता कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. खेड्यातली म्हातारी माणसं जन्मभर फोटोच काढायची नाहीत. मेल्यावर घरच्यांना आठवायचं. मग संतोष कॅमेरा घेऊन जायचा, मयताला भिंतीला टेकवून बसवलेलं असायचं, त्याचा फोटो. डोळे मिटलेले. त्यावर वहिनी ब्रशने डोळे उघडायच्या. मिटलेल्या पापणीवर बुबुळ, बुबुळात एक पांढरा ठिपका. पण ब्रश घ्यायच्या आधी त्या घरच्यांना समोर बसवायच्या आणि फोटो उलटा ठेवून म्हणायच्या, "फोटोकडे बघू नका. मला सांगा. कसे बघायचे ते? रागावले की काय करायचे?" घरचे सांगायचे, रडायचे, भांडायचे सुद्धा. मग वहिनी डोळे काढायच्या. घेऊन जाणाऱ्याला माहीत असायचं की डोळे वहिनींनी काढलेत. त्यात फसवाफसवी नव्हती.

आता हे सगळं कशासाठी सांगतोय, तर स्नेहासाठी.

स्नेहाला मी जिवंतपणी कधी पाहिलं नाही. तिच्या आईला मात्र रोज पाहतो. गोजराबाई. मखमलाबादच्या पुढे त्यांचा मळा. मेथी, कोथिंबीर, शेपू, दिवाळीच्या सुमाराला झेंडू. सकाळी बाजारात बसतात, माल संपला की आमच्या गल्लीतून रिक्षा पकडायला जातात. जाता जाता उरलेली एखादी जुडी वहिनींच्या पायरीवर टाकणार. मला कधी दिली नाही. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "तू लय बोलतो मोतीराम, तुला भाजी कशाला?"

त्या सकाळी त्या आल्या तेव्हा डोक्यावर पाटी नव्हती. बरोबर जावई होता, कुंदन. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. तिशीचा असेल, पण चालत होता म्हाताऱ्यासारखा. गोजराबाई वहिनींच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मोहिने, माही पोर गेली गं."

स्कूटीवरून कामावरून येत होती, मागून टेम्पो. जागीच. मागे अडीच वर्षांची मुलगी, साई. स्नेहाचा फोनही तिच्याबरोबर चिरडला. हे कुंदनने सांगितलं, तेही माझ्याकडे बघून, कारण सासूकडे बघून सांगणं त्याला जमत नव्हतं.

दशक्रिया दोन दिवसांवर होती. फोटो हवा होता. एक मोठा बॅनर गावात लावायला, एक फ्रेम करून पूजेला. आणि फोटो नव्हता.

मी अर्थातच मध्ये तोंड घातलं. "लग्नाचा अल्बम असेल की!" तर लग्न लॉकडाऊनमधलं. घरासमोर मंडपही नाही, मोजकी माणसं, फोटोग्राफर नाही. जे काही फोटो काढले ते फोनवर. आणि स्नेहाला फोटो काढायची हौस होती, काढून घ्यायची नाही. साईचे ढिगाने फोटो काढायची. त्यात हिचा एखादा हात दिसतो, ओढणीचं टोक दिसतं. आधार कार्डवरचा फोटो होता. आधारवरचा फोटो कसा असतो ते सांगायला नको. जिवंत माणूस स्वतःला ओळखत नाही, तिथे मेलेल्याचं काय.

"मग तुमच्या फोनमध्ये?" वहिनींनी कुंदनला विचारलं.

कुंदनचा चेहरा असा झाला, की विचारलं नसतं तर बरं, असं मला वाटलं. आणि मला असं सहसा वाटत नाही.

दिवाळीत त्याचा फोन सारखा अडकायला लागला होता. कुणीतरी सांगितलं, रिसेट मार. त्याने विचार केला, फोटो जातील. मग फोटो सांभाळायचे म्हणून त्याने काय केलं, निवडून निवडून सगळे चांगले फोटो व्हॉट्सॲपवर स्वतःच्याच नंबरला पाठवले. बायकोला म्हणाला, "आता टेन्शन नाही, सगळं व्हॉट्सॲपवर सेफ हाय." आणि फोन पुसून टाकला. गुगलवाल्यांचा 'जागा भरली' असा निरोप वर्षभर येत होता, त्यामुळे तिकडेही काही चढलेलं नव्हतं.

व्हॉट्सॲप परत चालू झालं. चॅट आली. फोटोंच्या जागा आल्या. कुंदनने फोन पुढे केला. ओळीने चौकोन, प्रत्येकात धुक्यासारखं काहीतरी, एकात पिवळा डाग, तो बहुतेक साडीचा. त्यावर बोट ठेवलं की फोन सांगायचा: फोटो मिळत नाही, ज्याने पाठवला त्याला पुन्हा पाठवायला सांगा.

"पाठवणारा मीच हाय ताई," कुंदन म्हणाला. "कोणाला सांगू?"

वहिनींनी फोन हातात घेतला, चौकोन बघितले आणि परत दिला. ते धुकं म्हणजे फोटो नसतो, फोटोची जागा दाखवायला ठेवलेला ठिपक्याएवढा नमुना असतो. मूळ फोटो फोनमध्ये होता, तो फोनबरोबर पुसला गेला. व्हॉट्सॲपवाले फोटो पोचवतात, जन्मभर सांभाळत नाहीत. हे वहिनींना माहीत होतं. कुंदनला नव्हतं. निम्म्या नाशिकला माहीत नसेल. मलाही नव्हतं, पण मी मान हलवली.

राहिलेला एकच फोटो, मयताच्या बातमीबरोबर फिरलेला. फोन पुसायच्या आधीच्या संक्रांतीला, हळदीकुंकवाला, कुंदनने बायकांचा एकत्र फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. स्नेहा गेल्यावर तिच्या चुलतभावाने, मुकाट बसवेना म्हणून असेल, त्यातलं तिचं तोंड कापलं, गोरं करणाऱ्या ॲपमधून काढलं, भोवती फुलांची चौकट लावली, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' घातलं आणि सोडून दिलं. मग तो सगळ्यांनी स्टेटसला ठेवला. स्टेटसवरून कुणी स्क्रीनशॉट घेतला, तो कुणी पुन्हा कापला, कुणी मेणबत्ती चिकटवली. असा फिरत फिरत तो कुंदनकडे परत आला.

"पाठवतो तुम्हाला," कुंदन म्हणाला.

"नको!" वहिनी ओरडल्याच. "आता कुठेही पाठवू नका. केबल लावा."

कॉम्प्युटरवर तो मोठा करून बघितला. मी खिडकीतून डोकं घालून बघत होतो. लांबून बाई दिसत होती. जवळ गेलं की बाई नाहीशी व्हायची आणि फरशी दिसायची. चौकोन, चौकोन, चौकोन. गालावर जांभळट आणि हिरवट डाग. डोळ्यांच्या जागी दोन काळ्या पट्ट्या. तोंड अंगठ्याच्या नखाएवढं, त्यावर मेणबत्तीचा उजेड आलेला.

"असं का होतं?" गोजराबाईंनी विचारलं. "एवढ्या लोकांनी पाह्यला म्हणून झिजला काय?"

मला हसू आलं असतं, पण वहिनी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पाहून नाही झिजत, मावशी. नुसता पुढे पाठवून पण फार नाही झिजत. पण कुणी उतरवून घेतो, कापतो, फुलं लावतो, स्क्रीनशॉट काढतो. दर वेळी फोन तो नव्याने लिहून ठेवतो, आणि जागा वाचवायला थोडं थोडं गाळतो. चित्राचे बारीक चौकोन पाडतो, प्रत्येक चौकोनात काय आहे ते मोघम लिहितो. पुढचा फोन त्या मोघमाचं मोघम लिहितो. रंगाच्या बाबतीत तर आणखीच चिंगूस. ताकात पाणी घातलं, मग त्या ताकात अजून पाणी घातलं, तसं."

"मग पाणी काढून टाक की."

वहिनींनी फोटो पुन्हा लहान केला. ताकातून पाणी निघत नाही, हे गोजराबाईंनाही माहीत होतं.

मग शोधाशोध. वहिनींचा नियम असा की फोटो दुरुस्त करायच्या आधी त्याचा आजा-पणजा शोधायचा. कुंदनने ग्रुपवर विचारलं, हळदीकुंकवाचा पूर्ण फोटो कुणाकडे आहे का? दुपारपर्यंत ढिगाने उत्तरं आली, आणि सगळ्यांनी तोच मेणबत्तीवाला पाठवला. वर हात जोडलेले. मी चिडलो. अरे, माणूस काय मागतोय, तुम्ही काय देताय! मूळ फोटो बहुतेकांनी गुड मॉर्निंगच्या फुलांबरोबर पुसून टाकला होता. चुलतभावाने तर कापलेलाच मूळ फोटोवर सेव्ह केला होता. फोन भरतो ना. त्यात कुणाची चूक म्हणायची? संक्रांतीला कुणाला ठाऊक होतं, की त्या घोळक्यातल्या एका तोंडाची गरज पडणार आहे.

शेवटी स्नेहाच्या मावशीचा, यशोदाबाईंचा, जुना फोन मिळाला. ह्या बाई काहीच पुसत नाहीत, कारण पुसायचं कसं ते त्यांना येत नाही. कुंदन स्वतः जाऊन फोनच घेऊन आला. त्यात तो फोटो होता, पण एकटा नाही. कुणीतरी सहा फोटो जोडून एक केलेला, त्यातल्या एका कोपऱ्यात. स्नेहा दुसऱ्या रांगेत. तोंड आणखी लहान. पण गोरं केलेलं नव्हतं, फुलं नव्हती, मेणबत्ती नव्हती. चौकोनही कमी.

वहिनींनी तो मोठा केला आणि स्क्रीन आमच्याकडून फिरवून घेतली. मग त्यांनी जुनं काम केलं. गोजराबाईंसमोर स्टूल ओढून बसल्या.

"फोटो विसरा. सांगा, कशी होती?"

गोजराबाईंनी स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "डाव्या भुवईत खाच हाय. लहान असताना विळ्यावर पडली. तिथं केस कधी आलेच नाय. आणि एक दात दुसऱ्यावर चढेल व्हता, म्हणून हसताना ओठ दाबायची. लोकांना वाटायचं लय शिष्ट हाय." थांबल्या. "शिष्ट नव्हती गं. लाजायची."

वहिनींनी स्क्रीन परत फिरवली. डाव्या भुवईत, फार बारकाईने बघितलं तर, एक फिकट ठिकाण होतं. दोन-चार ठिपक्यांचं. ते सांगितल्याशिवाय दिसलं नसतं, आणि एकदा सांगितल्यावर त्याच्याखेरीज काही दिसेना. गोजराबाईंनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हीच. हीच माही पोर."

वहिनींनी तो फोटो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत केला. काय केलं ते मी बघितलंय, म्हणून सांगतो. आधी रंग काढून टाकला, कारण रंगच सगळ्यात सडलेला होता. काळ्या-पांढऱ्यात तोंड जरा थाऱ्यावर आलं. चौकोनांच्या कडा हलक्या हाताने विरघळवल्या. स्पष्ट करायच्या बटणाला हात लावला नाही. त्याने नाक-डोळे स्पष्ट होत नाहीत, चौकोन स्पष्ट होतात. भुवईतली खाच राहू दिली. ओठ दाबलेले राहू दिले. वरून सगळीकडे सारखा बारीक कण पसरवला, जुन्या फिल्मवर असायचा तसा, म्हणजे डोळा डागांवर अडकत नाही. आणि पोस्टकार्डाएवढाच, चकाकी नसलेल्या कागदावर छापला. "याहून मोठा केला तर ती निघून जाईल," म्हणाल्या. मी त्याला भोवती पांढऱ्या पुठ्ठ्याचा रुंद माउंट कापला, म्हणजे लहान फोटोही भिंतीवर हरवत नाही. एवढं आम्हालाही समजतं.

चार हात लांबून बघितलं तर एक लाजरी बाई तुमच्याकडे बघत होती. धुक्यातून बघावं तशी. पण बघत होती.

कुंदनने बघितला आणि त्याचं तोंड उतरलं. "ताई, हा पुसट हाय."

"हो."

"बॅनरला कसा चालंल? गावातले म्हणतील, बायकोचा एक धड फोटो नाय याच्याकडे." आणि मग त्याने ते बोलून टाकलं जे त्याला आतून खात होतं. "मीच घालवले ना सगळे. एक तरी नीट करून द्या. आजकाल कॉम्प्युटर करतोच की. माझ्या मित्राच्या वडलांचा केला, केस न् केस दिसतो."

वहिनींकडे तो प्रोग्राम होता. सगळ्यांकडेच आहे आता. त्यांनी कुंदनला बसवून सांगितलं, तेही माझ्यासमोर, म्हणून मी साक्षीदार. म्हणाल्या, "हा प्रोग्राम तुमच्या फोटोतून काही शोधून काढत नाही. त्याने हजारो-लाखो तोंडं बघितलीत. अशा धुक्यात बहुतेक बायकांचा डोळा कसा असेल, ओठ कसे असतील, ते तो स्वतःच्या मनाने भरतो. ही पट्टी बघा. इकडे सरकवली की तोंड तिचं राहतं पण पुसट. तिकडे सरकवली की स्वच्छ होतं, पण परकं. मधे कुठेतरी थांबू का?"

मधे थांबून बघितलं. अर्धं धुकं, अर्धं परकं. त्यापेक्षा भीतीदायक काही मी बघितलेलं नाही. कुंदन म्हणाला, "पूर्ण करा."

पट्टी पूर्ण सरकली. चहा गाळायला लागतो तेवढ्या वेळात एक बाई स्क्रीनवर आली. पापण्या मोजून घ्याव्यात अशा. त्वचा दुधाच्या सायीसारखी. ओठ जरासे उघडलेले, आत सरळ पांढऱ्या दातांची ओळ. भुवई सलग, कोरलेली. वहिनींनी खाच परत घालून बघितली, तर ती कुणीतरी खोडरबराने पुसल्यासारखी दिसायला लागली. काढून टाकली.

कुंदन रडायला लागला. "हीच," म्हणाला. "अशीच दिसायची."

गोजराबाईंनी डोळ्यांना पदर लावला, मग पदर काढून नीट बघितलं. त्या वाईट बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बाई देखणी हाय. कोण हाय?"

"आई, असं नका ना बोलू," कुंदन म्हणाला.

मी तिथेच वहिनींना म्हणालो, देऊ नका. सरळ तोंडावर म्हणालो. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मोतीरामभाऊ, बायको त्याची गेली आहे." आणि खिडकी लावून घेतली.

त्यांनी दोन्ही दिले. पुसट फोटो गोजराबाईंना, स्वच्छ फोटो कुंदनला. स्वच्छ फोटोच्या मागे त्यांनी पेनने लिहिलं, 'हा चेहरा संगणकाने भरलेला आहे.' बॅनरला मागची बाजू नसते, हे त्यांना तेव्हा सुचलं नसावं. मलाही नाही.

दशक्रिया झाली. बॅनर लागला. बॅनरचा कुणीतरी फोटो काढला, तो ग्रुपवर पडला. पुढे काय व्हायचं ते झालं. लोकांनी मेणबत्तीवाला फोटो पुसला आणि हा ठेवला. हा किती छान आहे! चुलतभावाने जुना काढून हा स्टेटसला लावला. वर्षश्राद्धाची पत्रिका निघाली, त्यावर हाच. कुंदनने फोनच्या पडद्यावर हाच लावला, घरात साईच्या उंचीला हाच टांगला आणि रोज रात्री झोपताना पोरीला सांगायचा, आईला नमस्कार कर. चांगल्या मनाने सांगायचा. ह्यात कुठे दुष्टपणा असता तर मला बरं वाटलं असतं, कुणावर तरी ओरडता आलं असतं.

मध्ये एकदा तो एकटा वहिनींकडे आला होता. काम काही नव्हतं. पायरीवर बसला, पाणी प्याला. मग म्हणाला, "ताई, एक विचारू? मला आता डोळे मिटले की हाच फोटो दिसतो. तिचा दात कुठल्या बाजूला चढेल व्हता, मला आठवंना. आईंना विचारायला लाज वाटती." वहिनी लगेच म्हणाल्या, "डाव्या." तो म्हणाला, "हां, डाव्या," आणि उठून गेला. तो गेल्यावर मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? फोटोत तर ओठ दाबलेले आहेत. वहिनी म्हणाल्या, "मला नाही माहीत." आणि त्या दिवशी खिडकी त्यांनी संध्याकाळपर्यंत उघडली नाही.

पुढे वहिनींनी तो प्रोग्राम काढून टाकला, असं मी सांगितलं तर गोष्ट छान होईल. काढला नाही. गिऱ्हाईक तेच मागतं, आणि इथे नाही मिळालं तर फ्लेक्सवाल्याकडे मिळतं, तिथे कुणी सांगतही नाही की हे भरलेलं आहे. वहिनी अजून सांगतात. लोक ऐकून घेतात आणि म्हणतात, चालेल. पूर्वी ब्रशने डोळे काढायच्या तेव्हा घरचे चुका काढायचे: असे नव्हते डोळे, जरा बारीक करा. आता कुणी चूक काढत नाही. स्वच्छ फोटोसमोर माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडतो. वहिनी हे म्हणाल्या नाहीत. हे माझं आहे. त्या इतकंच म्हणतात, "माझं काम पूर्वी चुकायचं ना, ते बरं होतं."

परवा गोजराबाई आल्या. सुट्टी म्हणून साई आजीकडे राहायला आलेली, तिला कडेवर घेऊन. आता कडेवर घेण्याएवढी लहान नाही राहिली ती, पण गोजराबाई घेतात. दुसऱ्या हातात पिशवीत ती लहान फ्रेम. पोरीने भिंतीवरून काढायला लावली, तेव्हा हातातून निसटली, काच तडकली. म्हणून माझ्याकडे.

मी काच कापायला घेतली. फोटो बाहेर काढून फळीवर ठेवला. वहिनी खिडकीतून बघत होत्या. साई फळीला धरून टाचा वर करून उभी राहिली. पोरगी चुणचुणीत आहे.

वहिनींना राहवलं नाही. हळूच म्हणाल्या, "साई, ही कोण आहे गं?"

साईने फोटोकडे बघितलं. मग आजीकडे. मग परत फोटोकडे. आणि एकदम खूश होऊन म्हणाली, "आजी!"

मी काच कापायची थांबवली. खरंच की. मी इतके दिवस तो फोटो बघत होतो आणि मला दिसलं नव्हतं. तोच कपाळाचा उतार, तीच गालाची हाडं, तेच ओठ दाबून बघणं. धुक्यात एवढं राहिलं होतं. आईचं तोंड लेकीत, आणि लेकीच्या पोरीने बरोबर ओळखलं होतं. फक्त आईला ओळखलं नव्हतं.

"नाय गं माये," गोजराबाई म्हणाल्या. "ही तुझी आई हाय."

साई हसली. आजी थट्टा करतेय, असं तिला वाटलं. "माझी आई घरी आहे," म्हणाली. "मोठ्या फोटोत. तिचे दात दिसतात."

वहिनींचा हात खिडकीच्या चौकटीवर होता. तो मोठा फोटो त्यांनीच केला होता. पोरीला काय सांगणार, की ती तुझी आई नाही? मग कोण आहे? कुणीच नाही. त्या तोंडाची बाई जगात कुठे जन्मलीच नाही. आणि पोरगी रोज रात्री तिला नमस्कार करून झोपते.

गोजराबाईंनी माझ्याकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं. आमच्यापैकी कुणी काही बोलेल म्हणून थोडा वेळ वाट बघितली. मी, एवढा बडबडा माणूस, काच पुसत राहिलो आणि वहिनी फोटोकडे बघत राहिल्या.

मग त्यांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"हां," म्हणाल्या. "मीच हाय ती. तरणी व्हते तवाची."

"सुंदर आहेस," साई म्हणाली.

मी नवी काच बसवली, मागून खिळे मारले, फ्रेम पेपरात गुंडाळून दिली. गोजराबाईंनी ती पिशवीत ठेवली, पोरीला कडेवर घेतलं आणि रिक्षा पकडायला गल्लीच्या तोंडाकडे गेल्या. वहिनींच्या पायरीवर शेपूची जुडी होती. त्या दिवशी एक माझ्या फळीवरही ठेवलेली सापडली.